बिनखांबाची तुळई

झुंबरबाईच्या लग्नाला सगळं गाव जेवून गेलं, पण तिच्या आईने ते लग्न पाहिलं नाही. भिकुबाई तिथेच होती, समाजमंदिरात, बायकांच्या गर्दीत. पण बायकांना बसवायचं ते मागच्या अर्ध्या भागात, आणि हॉलच्या मधोमध सागाचे तीन खांब रांगेत उभे. बोहल्यावर अंतरपाट धरला, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, आणि भिकुबाईने ते सगळं कानांनी ऐकलं. मान इकडे केली तरी खांब, तिकडे केली तरी कुणाचं तरी पागोटं.

"तुन्हा लगीनमा मी खांबच देखा, बाई," असं ती पुढे जन्मभर सांगत राहिली. हसत सांगायची, पण झुंबरबाईला त्यात कधी हसू आलं नाही.

झुंबरबाई सासरी पिंपळनेरला गेली, आणि सासरी होती लाकडाची वखार. नवरा अभिमन स्वभावाने गाय. गिऱ्हाईक ओरडलं की हा करवतीचा पट्टा नीट करायला आत पळायचा. मग बाहेर कोण बोलणार? झुंबरबाई बोलली, आणि एकदा बोलायला लागली ती थांबलीच नाही. दहा वर्षांत वखार तिच्या नावाने ओळखली जाऊ लागली. लोक म्हणत, पिंपळनेरला साग घ्यायचा असेल तर दोन गोष्टी घेऊन जा, पैशांची पिशवी आणि कानात घालायला कापूस.

नव्वद सालानंतर मात्र वखारीत बोलायलाही काही उरेना. जंगलातून जाड, लांब साग यायचा बंदच झाला. सरकारी डेपोत अठ्ठावीस फुटांचा सरळ ओंडका मागितला तर माणसं चेष्टा करताय का म्हणून विचारत. मिळायचा तो विरळणीतला, म्हणजे दाटी कमी करायला तोडलेला साग, मांडीएवढ्या जाडीचा, आठ-नऊ फुटांवर वाकलेला. दारं करा, खिडक्या करा, तुळई मागू नका.

अशात देहराडूनला वखारवाल्यांसाठी शिबिर निघालं. अभिमनचं नाव आलं. अभिमन म्हणाला, मला थंडी सोसत नाही. झुंबरबाई म्हणाली, मग शाल घ्या आणि माझ्याबरोबर चला. गेली ती गेली, तिथे पुढच्या रांगेत बसली, आणि परत आली ती पातळ फळ्या एकावर एक चिकटवून लांबलचक तुळई कशी करतात ते शिकून. अभिमन परत आला तो सर्दी घेऊन.

त्याच वर्षी माहेरच्या गावात समाजमंदिराचं छप्पर उतरवायचं ठरलं. पत्रे सडले होते, जुन्या तुळयांना वाळवी लागली होती. समितीचा अध्यक्ष होता मोतीलाल, झुंबरबाईचा धाकटा भाऊ. उन्हाळ्यात त्याच्या मुलीचं लग्न त्याच हॉलमध्ये होणार होतं, म्हणून त्याला घाईही होती. झुंबरबाई बैठकीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "खांब काढा. मी सरळ एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाणाऱ्या तुळया देते. मध्ये एकही खांब नाही."

बैठकीत सगळ्यांनी निंबा नानांकडे पाहिलं. निंबा नाना म्हणजे गावचे मिस्त्री. गावातल्या अर्ध्या घरांची आढी त्यांच्या हातची. माणूस खोटा नाही, पण एकदा नकाराची मान हलवली की ती परत सरळ करायला देवाला यावं लागे.

"एवढा लांब साग आनशी कोठेन?" त्यांनी विचारलं.

"आणणार नाही, करणार. इंचभर जाडीच्या फळ्या चिकटवून."

नाना हसले. मग बैठक हसली. मोतीलालही हसला, आणि ते झुंबरबाईने लक्षात ठेवलं.

"सरस लावीसन तुळई?" नाना म्हणाले. "पाट करतस, खेळना करतस, तसं? पहिला पानी पडी ना, बठ्ठी खळ सुटी जाई. लाकूड एकसंध पाहिजे, बाई. एक झाड, एक जीव."

"नाना, एका झाडात काय काय असतं ते मी रोज फाडून बघते," झुंबरबाई म्हणाली. "मोठ्या ओंडक्याच्या पोटात गाभ्याची चीर असते, ती वरून दिसत नाही. जाड लाकूड आतून वाळायला वर्षं घेतं. तुम्ही ओलं चढवता, मग ते वर जाऊन पिळतं आणि फाटतं. आणि एक मोठी गाठ नेमकी मध्यावर आली, की सगळी तुळई त्या गाठीएवढीच. फळी पातळ असली की आतपर्यंत वाळते. गाठ दिसली की कापून टाकता येते. राहिलीच एखादी, तर तिच्या वरची-खालची फळी तिला सांभाळते."

"म्हंजे सागपेक्षा सरस भारी?"

"सरस भारी नाही. सागच भारी, पण निवडलेला साग. आणि तुमचा सरस हाडांचा, माझा वेगळा."

बोलून कोण ऐकतं? दुसऱ्या दिवशी झुंबरबाईने मोतीलालच्या ओट्यावर चूल मांडली. पाण्याचा हंडा चढवला. चिकटवलेल्या लाकडाचे दोन तुकडे आणले होते, एक नानांच्या सरसाचा आणि एक तिच्या तांबूस-काळ्या सरसाचा. दोन्ही हंड्यात टाकले. बातमी गावभर गेली की झुंबर लाकूड शिजवते आहे. बायका कामं टाकून आल्या. भिकुबाई येऊन म्हणाली, "मीठ टाक गं जरासं," आणि सगळ्या हसल्या.

नानांच्या सरसाचा तुकडा चहा होईपर्यंतच सुटून दोन झाला. दुसरा दुपारभर उकळत राहिला. संध्याकाळी झुंबरबाईने तो बाहेर काढला, थंड केला, आणि नानांच्या हातात पटाशी दिली. "सांध्यावर घाव घाला."

नानांनी नेमका सांध्यावर घाव घातला. तुकडा फुटला, पण सांध्यात नाही. बाजूचं लाकूड सोलून निघालं, आणि त्याचे धागे सरसाच्या रेघेवर तसेच चिकटून राहिले. नानांनी तो तुकडा बराच वेळ उलटून पाहिला. मग पटाशी परत दिली आणि काही न बोलता घरी गेले. गाव समजलं, नानांचा होकार आहे. खरं तर नाना फक्त गप्प बसले होते, पण समितीने ठराव करून टाकला.

हिवाळाभर वखारीत तेच काम. फळ्या रचून, मधून वारा खेळेल अशा ठेवून वाळवल्या. टोकाला टोक जोडायचं तिथे लांब तिरपा सांधा. एका फळीचा सांधा दुसरीच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. सगळ्यात चांगल्या, बिनगाठीच्या, सरळ धाग्याच्या फळ्या तुळईच्या अगदी तळाला आणि अगदी माथ्याला, आणि साध्या फळ्या मध्ये. "मधल्यांना काम कमी," झुंबरबाई अभिमनला सांगायची. "बोजा आला की पाठ दाबली जाते आणि पोट ताणलं जातं. सगळा जीव पोटात." सागाला अंगचं तेल असतं, म्हणून रंधा मारला की लगेच सरस लावायचा. फळी रात्रभर पडली तर पुन्हा रंधा. मग लोखंडी शिकंजे आवळायचे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, सांध्यातून सरसाचे थेंब सारखे बाहेर येईपर्यंत. अभिमन शिकंजे आवळत आणि शिंकत होता.

तीन तुळया झाल्या. ट्रॅक्टरच्या मागे लांब गाडा जोडून त्या एकेक करून गावात गेल्या. मधली, मानाची तुळई आधी पाठवली, कारण गावाला ती दारात ठेवून पूजायची होती. झुंबरबाई राहिलेल्या दोन तुळयांच्या मागे लागली होती. चार दिवसांनी ती शेवटच्या गाड्याबरोबर गावात आली.

मानाची तुळई हॉलच्या दारात ठोकळ्यांवर उताणी ठेवली होती. पोट वर. तिच्या पोटावर, बरोबर मध्यावर, कमळ कोरलेलं होतं. आठ पाकळ्यांचं, या काठापासून त्या काठापर्यंत, पाऊण बोट खोल. आत हळदकुंकू भरलेलं, वर फुलं, शेजारी नारळ. आणि नाना पटाशी पुसत बसलेले.

बायका कौतुकाने बघत होत्या. झुंबरबाई गाड्यावरून उतरली आणि तिथेच थिजली.

"हे कोणी केलं?"

"मी," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखर आनंद होता. "तू म्हनशी नाना रुसना. रुसना नही बाई. गावनी तुळईले कमळ लागसच. मन्हा आजानी कोरं, मन्हा बापनी कोरं. मानपान म्हनीसन मी बी कोरं."

आता कोणाचा गळा धरायचा? झुंबरबाईच्या तोंडात आलेल्या शिव्या तिने गिळल्या, पण सगळ्या काही गेल्या नाहीत.

"नाना, तुमच्या आजाने कमळ कुठे कोरलं होतं?"

"मजारमा. आठेच. बरोबर मजारमा," नानांनी तुळईच्या मध्यावर बोट टेकवलं.

"मध्यावर खांब होता! दोन तुळया येऊन त्या खांबावर टेकलेल्या होत्या. अर्धं कमळ हिच्या टोकाला, अर्धं तिच्या टोकाला. टोक खांबावर बसलेलं, तिथे पोटाला ताणच नाही. तिथे कमळ कोरा, नाही तर आख्खा गणपती कोरा, काही होत नाही. आता खांब कुठे आहे?"

नाना उठून उभे राहिले. त्यांनी हॉलच्या आत पाहिलं. मोकळी फरशी, आणि जिथे खांब होते तिथे सिमेंटने बुजवलेले तीन खड्डे. कमळाची जागा तीच होती. खांब मात्र गेला होता. आणि जिथे पूर्वी काहीच ताण नव्हता, तिथेच आता सगळ्यात जास्त ताण येणार होता. तुळईच्या सगळ्यात चांगल्या फळीवर, सगळ्यात वाईट जागी, पाऊण बोटाचा खड्डा पडला होता.

नाना खोटे नव्हते हे मी आधीच सांगितलं. त्यांना एका क्षणात सगळं समजलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला, आणि ते पुन्हा खाली बसले.

मोतीलाल धावत आला. त्याला धाग्याचं, ताणाचं काही नको होतं. लग्नाला तीन आठवडे राहिले होते. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आचारी सांगितला होता. "अक्का, रागावू नको," तो म्हणाला. "जुना खांब मागे पडलेला आहे. एकच लावू, मधला. तुझी तुळई वाचली, नानांचं कमळ वाचलं, लग्नही वेळेवर. सगळ्यांचं भलं."

"सगळ्यांचं?" झुंबरबाई म्हणाली. "बायकांचं कुणी विचारलं?"

"एका खांबाने काय होतं?"

"तुला काय कळणार! तू नेहमी पुढे बसलास."

जमलेल्या बायकांत कोणीतरी फस्सकन हसलं. मोतीलालचे कान लाल झाले. तो चिडून बोलला, आणि माणूस चिडला की मनातलं बोलतो. "तुझी हौस म्हणून आम्ही गावात हसं करून घ्यायचं का? लोक आधीच खळीची तुळई म्हणतात. एका झाडाची असती तर हे झालंच नसतं."

"एका झाडाची असती तर आज चुलीत गेली असती!" झुंबरबाईचा आवाज आता वरच्या आळीपर्यंत गेला. "पोटात असा खड्डा पडला की सलग लाकडाला इलाज नाही. तू त्याला नवं पोट कुठून देणार? आणि ही थरांची आहे. खालचा थर गेला, तर मी खालचा थर काढून नवा लावीन. खांब लागणार नाही. ऐक मोती, हा हॉल मी बिनखांबाचा करणार म्हणून सांगितलं आहे, आणि तो बिनखांबाचाच होईल. तुला खांब लावायचा असेल तर आधी मला पुर आणि माझ्यावर लाव."

मोतीलाल हात झटकून निघून गेला. गेला म्हणजे पटलं असं नाही.

झुंबरबाईने अभिमनला वखारीत पाठवलं. शिकंजे, सरसाचे डबे, आणि सगळ्यात चांगल्या राखून ठेवलेल्या फळ्या. मग ती नानांकडे वळली. ते अजून तसेच बसले होते.

"नाना, ती दोघांनी ओढायची मोठी करवत काढा. एक टोक तुमच्याकडे."

"कमळवर करवत चालाडू?" नाना म्हणाले. "कुकू भरेल शे तेन्हामा. पाप लागी."

"कमळावर नाही. कमळाच्या खालून. सरसाच्या रेघेला धरून अख्खी फळी सोडवायची, कमळासकट. तुमचं कमळ मोडणार नाही, हा माझा शब्द."

नाना उठले. तुळई आडवी कुशीवर केली. अभिमन परत आल्यावर एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला नाना. करवत टोकापासून रेघेच्या बाजूने निघाली. त्या गावात इतकी सरळ करवत दुसरा कोणी चालवू शकला नसता, हे झुंबरबाईही मान्य करते. दुपार टळली तेव्हा कमळाची फळी लांबच्या लांब वेगळी होऊन ठोकळ्यांवर आली. कमळ जसंच्या तसं होतं. नाना घाम पुसत म्हणाले, "चीर ती सरसमा नहीच गई. दरवेळ लाकूडमाच घुसे." ते कोणाला सांगितलं कोण जाणे, पण सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे, ऊन तापायच्या आत, काम सुरू झालं. उन्हात हा सरस हातातच घट्ट होतो. दुसऱ्या थराला नानांनी रंधा मारला, नव्या फळीला अभिमनने. करवत जिथे रेघ सोडून दुसऱ्या थराच्या लाकडात घुसली होती, तिथले चरे जाईपर्यंत रंधा मारावा लागला. तेवढी जाडी कमी झाली, म्हणून झुंबरबाईने नवी फळी आधीच्यापेक्षा जाड घेतली. हिच्यात मध्यावर एकही सांधा नव्हता. सरस लागला, फळी बसली, शिकंजे चढले. झुंबरबाई एकेका शिकंज्यापाशी जाऊन सांध्यातले थेंब बघत होती. जिथे थेंब नाहीत तिथे ती ओरडायची, आणि अभिमन तिकडे पळायचा.

शिकंजे दोन दिवस काढू दिले नाहीत. त्यानंतरही आठवडाभर तिने तुळईला हात लावू दिला नाही. मोतीलाल रोज येऊन बघायचा आणि रोज उसासा टाकून जायचा.

साखळीच्या कप्पीने तुळया वर चढल्या. मानाची मधोमध. भिंतीवरच्या बैठकीवर ती बसली, पत्रे चढले, आणि हॉल असा मोकळा झाला की आत बोललेलं नुसतं घुमू लागलं. पोरं आत पळून आरोळ्या ठोकू लागली.

पण गाव ते गाव. जे डोळ्यांनी बघितलं ते लोक विसरत नाहीत, आणि जे नाही बघितलं ते त्याला जोडतात. तुळईचं पोट कापलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. ते परत लावलं, हेही पाहिलं होतं. तेवढ्यावर बातमी झाली की तुळईला ठिगळ आहे. शेजारच्या गावापर्यंत जाता जाता ती बातमी अशी झाली की तुळई दोरीने बांधून ठेवली आहे. नवऱ्या मुलाकडच्यांनी मोतीलालला निरोप पाठवला, मांडव बाहेर घालता येईल का? मोतीलालने बहिणीला ते सांगितलं नाही. त्याने गुपचूप जुना खांब रंगवून घेतला.

लग्नाच्या दिवशी हॉल भरला, आणि भरलाच नाही. पुढे पुरुष बसले, मागे बायका बसल्या, आणि मधली तुळई जिथून जात होती तिच्याखाली भिंतीपासून भिंतीपर्यंत एक रिकामा पट्टा राहिला. बैलगाडी जाईल एवढा. सगळे नुसते सरकून बसले. उशिरा आलेला पाहुणा सहज त्या पट्ट्यात बसायला जायचा, कोणीतरी त्याचा सदरा ओढायचा, तो वर बघायचा आणि पटकन भिंतीकडे सरकायचा.

झुंबरबाई दारात उभी राहून ते बघत होती. ओरडावं तर कोणावर? भीतीवर ओरडून ती जात नाही. तिला वाटलं, मी हरले. तुळई जिंकली आणि मी हरले.

तेवढ्यात मागच्या दाराने चार माणसं तो रंगवलेला खांब खांद्यावर घेऊन आली. पुढे मोतीलाल. त्याने बहिणीकडे बघितलं नाही. "आजच्यापुरता," तो हवेत बोलला. "फक्त टेकवायचा. पाहुण्यांच्या समाधानासाठी. संध्याकाळी काढून टाकू."

झुंबरबाई पुढे झाली. तिचे हात वर गेले होते, आणि त्या क्षणी ती भावाला मारणार होती, यात मला शंका नाही.

पण भिकुबाई तिच्याआधी पोचली.

कमरेत वाकलेली म्हातारी, एका हातात काठी, दुसऱ्या हाताने एक पाट ओढत. तो पाट नानांनी केला होता. त्या काढलेल्या फळीचे तीन तुकडे शेजारी शेजारी चिकटवून, आणि मधल्या तुकड्यावर ते आठ पाकळ्यांचं कमळ. चिकटवायला नानांनी झुंबरबाईचाच सरस मागून घेतला होता. पाट फरशीवर खरखरत रिकाम्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर गेला, सिमेंटने बुजवलेल्या खड्ड्यावर. भिकुबाईने तो सरळ केला आणि त्यावर बसली.

खांबवाले चौघे तिच्यासमोर येऊन थांबले.

"माय, ऊठ ना," मोतीलाल म्हणाला. "आठे खांब ठेवना शे."

"ठेव की," भिकुबाई म्हणाली. "मन्हा डोक्यावर ठेव. मी आठून उठाले नही."

"माय, वर तुळई शे!"

"मग? तुळई वरच ऱ्हास. बाईनी केली, नवी शे, आनि मी जुनी शे. पडनी त मन्हावर पडू दे, मन्हं आते काय ऱ्हायनं?" तिने काठी आडवी मांडीवर ठेवली. "त्या टाइमले तुमी माले खांबमांगे बसाडं. आते मी खांबनी जागावर बसेल शे. बामनले सांग, सुरू कर."

मग झुंबरबाई चालत गेली आणि आईच्या शेजारी फरशीवर बसली. अभिमन दाराशी शिंकला, आणि तोही येऊन बसला. नाना पुढे पुरुषांत होते. ते उठले, वळले, आणि भिकुबाईच्या बाजूला, आपल्या नेहमीच्या जागेलगत येऊन बसले. गावातल्या प्रत्येक लग्नात नाना मधल्या खांबाला पाठ टेकून बसत. सवयीने त्यांनी आजही पाठ मागे टेकवली, आणि मागे काहीच नसल्यामुळे ते चक्क उताणे पडले. आधी भिकुबाई हसली, मग बायका हसल्या, मग सगळा हॉल. आणि हसता हसता बायका सरकत पुढे आल्या. एक आली, तिच्यामागे तिची जाऊ आली, मग पोरं आली. तो पट्टा भरला.

चौघांनी खांब खाली ठेवला. कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, शेवटी तो बाहेर नेऊन भिंतीला लावून ठेवला. मोतीलाल बोहल्यापाशी गेला. जाताना त्याने बहिणीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती माफी होती की राग, हे झुंबरबाईने तेव्हा बघितलंच नाही. ती बोहल्याकडे बघत होती.

अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली. वर पत्रे उन्हाने तडतडत होते, तुळई सरळ होती. अंतरपाट सरला आणि भाचीने दोन्ही हातांनी हार उचलला. मागच्या शेवटच्या बाईलाही तो दिसला.

भिकुबाई पापणी न हलवता बघत होती. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लोक उठू लागले. ती उठली नाही. तिने झुंबरबाईचं मनगट धरलं.

"पोरना हात थरथरी राहिंतात," ती म्हणाली. "हार घालाना टाइमले. देखं का तू?"

"देखं, माय."

"तुन्हा बी थरथरी राहिंतात का गं, तव्हय?"

झुंबरबाईने आईकडे वळून पाहिलं. तीस वर्षांत हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ज्यांनी पाहिलं होतं त्यांना विचारायची गरज वाटली नव्हती, आणि जिला वाटली तिला दिसलं नव्हतं.

"व्हय, माय," ती म्हणाली. "लय गंज थरथरी राहिंतात."

भिकुबाईने मान हलवली आणि ते मनगट तसंच धरून ठेवलं.